‘४८ तास थांबा’ हे आलं कुठून?

डोमेनचा आयपी पत्ता किंवा नेमसर्व्हर बदलला आणि साइट जुनीच दिसत राहिली, की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘प्रोपगेशन चालू आहे, २४ ते ४८ तास थांबा.’ ऐकणाऱ्याला वाटतं, आपला बदल दवंडी पिटत गावोगाव निघालाय आणि आपल्या गावाला अजून पोचायचाय. प्रत्यक्षात तसं काही पसरत नसतं. नवी नोंद बहुधा काही मिनिटांतच तयार असते. ठिकठिकाणी साठवलेल्या जुन्या प्रतींची मुदत मात्र संपलेली नसते, आणि ही मुदत मोजता येते.

नावांची यादी खरोखर वाटावी लागायची तो काळ अर्पानेटचा, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्याचा. तेव्हा सगळ्या संगणकांची नावं HOSTS.TXT या एकाच फाइलमध्ये असत आणि ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या माहिती केंद्रात सांभाळली जाई. बदल ईमेलने कळवायचा, आठवड्यातून एकदोनदा नवी फाइल बने, मग ज्याने त्याने ती उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तसं हे झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यात प्रत्येक डोमेनची नोंद त्याच्या स्वतःच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे त्या डोमेनबद्दल अधिकृत उत्तर देणाऱ्या सर्व्हरवर राहते. विचारणारा रिझॉल्व्हर, म्हणजे बहुतेकदा आपल्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर, उत्तर आणतो आणि ठरलेले सेकंद जवळ ठेवतो. त्या सेकंदांना टीटीएल म्हणतात. दर वेळी मुळापर्यंत जावं लागू नये म्हणून जाणूनबुजून केलेली ही तडजोड आहे. बदल होणार हे आधी माहीत असेल तर टीटीएल अगोदर कमी करा, काम झालं की पूर्ववत करा, हा सल्लाही डीएनएसचे नियम मांडणाऱ्या १९८७ च्या आरएफसी १०३४ या दस्तऐवजातच दिलेला आहे. आजही अनेकांना तो बदल करून झाल्यावर आठवतो, आणि तेव्हा त्याचा उपयोग नसतो, कारण बाहेर गेलेल्या प्रती जुनाच टीटीएल घेऊन गेलेल्या असतात.

४८ तासांचा आकडा हवेतून आलेला नाही. सप्टेंबर २००४ पर्यंत .com ची मुख्य यादी दिवसातून फक्त दोनदा अद्ययावत व्हायची. त्यानंतर तो वेळ सरासरी पाच मिनिटांच्या आत आला. पण कोणत्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, या .com च्या उत्तराला १,७२,८०० सेकंदांचा टीटीएल आहे, म्हणजे बरोबर ४८ तास. नेमसर्व्हर बदलताना हा आकडा लागू पडू शकतो. नुसता आयपी पत्ता बदलला असेल तर त्याचा संबंध नाही. तिथे तुमच्या नोंदीचा टीटीएल चालतो.

समजा, example.com चा पत्ता सकाळी ११ वाजता 192.0.2.10 वरून 198.51.100.20 केला आणि जुना टीटीएल १४,४०० म्हणजे चार तासांचा होता. तुमच्या रिझॉल्व्हरने १०:५० ला जुनं उत्तर घेतलं असेल, तर ते २:५० पर्यंत राहणार. शेजाऱ्याच्या रिझॉल्व्हरने ११:०५ ला पहिल्यांदाच विचारलं, तर त्याला लगेच नवी साइट दिसते. म्हणून एकाला दिसते, दुसऱ्याला नाही. टर्मिनलमध्ये dig या आज्ञेने तपासायचं ते वरून खाली:

```
dig NS example.com @a.gtld-servers.net
dig A example.com @ns1.example.net
dig A example.com
```

पहिल्या आज्ञेत .com च्या सर्व्हरलाच विचारतो. नेमसर्व्हरांची नावं AUTHORITY भागात येतात. दुसरीत, त्या यादीत आलेल्या नेमसर्व्हरला विचारायचं (`ns1.example.net` च्या जागी ते नाव घाला). तिथे नवा पत्ता आला तर तुमचं काम झालंय. तिसरीत आपला नेहमीचा रिझॉल्व्हर उत्तर देतो:

```
example.com.  9000  IN  A  192.0.2.10
```

मधला आकडा म्हणजे उरलेले सेकंद. १२:२० ला ९००० दिसले तर अजून अडीच तास. पुन्हा विचारलं की आकडा उतरलेला दिसतो. गूगलच्या 8.8.8.8 सारख्या मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमागे अनेक साठे असतात, म्हणून तिथे आकडा मागेपुढे उड्या मारतो; त्याने घाबरू नये.

एक फसगत मात्र फार जण स्वतःच ओढवून घेतात. नवं सबडोमेन बनवण्याआधीच ते उघडून पाहतात. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही साठवलं जातं. १९९८ च्या आरएफसी २३०८ ने त्याचे नियम घालून दिले आणि एक ते तीन तासांची मुदत योग्य ठरते असं सांगितलं. नोंद केल्यावरही तेवढा वेळ ‘नाही’च ऐकू येतं. म्हणून आधी नोंद, मग नेमसर्व्हरला थेट विचारणा, आणि ब्राउझर सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या आज्ञेतही जुनाच पत्ता येत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. बहुतेकदा नेमसर्व्हर एका कंपनीकडे गेलेले असतात आणि बदल दुसऱ्याच कंपनीच्या पॅनेलमध्ये केलेला असतो. तिथे नोंद दिसते, सेव्हही होते, पण तिला कुणी विचारत नाही. ४८ तासांनीही ती तशीच पडून राहील. पहिल्या आज्ञेत आलेली नावं ज्याची, त्याच्या पॅनेलमध्ये जाऊन बदल करावा लागतो.