चूक (घटना अहवालातील शब्दयोजना)

कारखान्यात घडलेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या लेखी अहवालात दोषाचे स्वरूप सांगण्यासाठी चूक, नजरचूक, त्रुटी, हयगय, निष्काळजीपणा, कसूर हे शब्द योजले जातात. नाशिकमधील सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत असे अहवाल मराठीतही लिहिले जातात.

‘चूक’ या शब्दाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही जण तो संस्कृत ‘च्युत’शी जोडतात. हेमचंद्राने मात्र बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश’ धातूचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत ‘भुल्ल’बरोबर ‘चुक्क’ही आहे; त्यामुळे तो प्राकृत काळापासून चालत आलेला देशी धातू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘कसूर’ व ‘गफलत’ हे शब्द मूळचे अरबी असून फार्सीमार्फत मराठीत आले. ‘घोडचूक’मधील ‘घोड’ हा ‘घोडनवरी’प्रमाणे आकाराचे किंवा वयाचे आधिक्य दाखवतो, बोलण्यात तो नेमका बसतो, पण अहवालात लिहिणाऱ्याचा राग तेवढा दिसतो.

तीव्रता परिणामावरून ठरवावी की कृतीवरून, हा खरा वादाचा मुद्दा आहे. मानवी चुकांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी 1990 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात हात चुकणे, विसरणे, बेतच चुकणे आणि नियम जाणूनबुजून मोडणे हे प्रकार वेगळे धरले आहेत, आणि अहवालासाठी तेच अधिक उपयोगी पडते. समजा, दुरुस्तीपूर्वी तीन क्रमांकाच्या यंत्राचा वीजपुरवठा तोडायचा असताना कामगाराने शेजारच्या चार क्रमांकाचा स्विच पाडला, ही नजरचूक. स्विचला कुलूप घातले, पण सूचनेची पाटी लावायची राहिली; हे विस्मरण. पॅनेलच्या नकाशात जुनेच क्रमांक होते. ही त्रुटी, आणि ती कागदाची आहे, कामगाराची नव्हे. तारांना हात लावण्यापूर्वी टेस्टर लावायचा नियम ठाऊक असूनही ‘रोजचेच काम’ म्हणून तो टाळला, तर मात्र हयगय लिहावी लागते. झटका बसला काय किंवा न बसला काय, हे चारही शब्द बदलत नाहीत. हाताला इजा झाली म्हणून नजरचुकीला ‘गंभीर निष्काळजीपणा’ म्हटले, की नकाशातील त्रुटी तशीच राहते व पुढच्या पाळीत दुसरा कोणी तोच स्विच पाडू शकतो.

‘कसूर’ हा शब्द सावधपणे वापरावा लागतो. ‘कर्तव्यात कसूर’ ही आरोपपत्राची भाषा आहे. चौकशीपूर्वीच्या अहवालात ती आली, तर निष्कर्ष आधीच काढल्यासारखे होते. औद्योगिक कामगारांच्या सेवाशर्तींविषयीच्या 1946 च्या केंद्रीय नियमांसोबतच्या नमुना स्थायी आदेशांतही गैरवर्तन म्हणून गणला गेला तो सवयीचा निष्काळजीपणा. एका प्रसंगावरून सवय सिद्ध होत नाही, म्हणून अहवालात ‘वारंवार’ लिहिताना मागील नोंदींच्या तारखा द्याव्या लागतात.