रिडेम्प्शनच्या जमेचा ताळा

म्युच्युअल फंडाचे युनिट विकल्यावर बँकेत आलेली रक्कम ही युनिट, भाव आणि एक्झिट लोड म्हणजे लवकर विकल्यास कापले जाणारे शुल्क यांच्याशी जुळते का, हे पाहणे म्हणजे रिडेम्प्शनचा ताळा. ब्रोकरमार्फत विक्री केली असेल तर कॉन्ट्रॅक्ट नोट, नाहीतर फंडाचे खातेविवरण, आणि सोबत बँकेचे स्टेटमेंट एवढे कागद त्यासाठी पुरतात.

समजा, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका निवृत्त शिक्षिकेने दरमहा एसआयपीने घेतलेल्या इक्विटी फंडाचे ४०० युनिट विकले. त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ६२.५० रुपये, तेव्हा एकूण रक्कम २५,००० रुपये. योजनेत एक वर्षाच्या आत विकलेल्या युनिटांवर १ टक्का लोड आहे. बँकेत मात्र २४,९२४.७५ रुपये जमा झाले. पूर्ण रकमेवर लोड धरला तर २५० रुपये जायला हवे होते, आणि लोड नाहीच असे धरले तर पंचवीस हजार यायला हवे होते. जमा झालेला आकडा दोन्हींत बसत नाही.

उत्तर खरेदीच्या तारखांत आहे. आधी घेतलेले युनिट आधी विकले गेले असे धरतात, आणि एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते. इथे २८० युनिटांना वर्ष उलटले होते, १२० युनिटांना नव्हते. त्या १२० युनिटांची किंमत ७,५०० रुपये, तिचा १ टक्का ७५ रुपये. उरलेले २५ पैसे एसटीटीचे, म्हणजे रोखे व्यवहार कराचे. इक्विटी फंडाच्या विक्रीवर तो ०.००१ टक्का असतो.

हाच हिशेब उलटा करता येतो. एसटीटी वगळून कापले गेलेले ७५ रुपये लोडच्या दराने भागले की ७,५०० येतात. त्यांना एनएव्हीने भागले की १२० युनिट. मग वर्षाच्या आतले हप्ते खरोखर तेवढेच आहेत का, हे खातेविवरणात मोजावे. माझ्या मते हीच पडताळणी सर्वांत भरवशाची.

फसगत बहुधा भावाच्या रकान्यात होते. काही विवरणांत तिथे लोड वजा केलेला भाव छापतात. या उदाहरणात तो सरासरी ६२.३१२५ दिसेल आणि एनएव्हीच चुकीची लावली असे वाटेल. एनएव्ही कोणत्या दिवसाची, हेही पाहावे: कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचलेल्या अर्जाला त्याच दिवसाची, नंतरच्याला पुढच्या कामकाजाच्या दिवसाची मिळते. अर्ज करताना ॲपवर दिसलेली किंमत मात्र सहसा आधीच्या एनएव्हीची असते, म्हणून तिच्याशी ताळा करू नये.

काही योजनांत ठरावीक टक्के युनिट लोडविना काढता येतात. तिथे वरचा हिशेब तसाच लागू होत नाही. अनिवासी भारतीयाच्या रकमेतून टीडीएसही कापला जातो. एवढे धरूनही फरक उरला, तर फंडाच्या रजिस्ट्रारकडे खरेदीच्या तारखांनिहाय लोडचा तपशील लेखी मागावा.