बारा, अकरा, नऊ, आठ : रक्त गोठण्याचे आकडे लक्षात कसे ठेवायचे

डीएमएलटीच्या वर्गात रक्त गोठण्याचा धडा सुरू झाला की फळ्यावर रोमन आकड्यांची गर्दी होते. मुलं ती आकृती जशीच्या तशी वहीत उतरवतात, परीक्षेपुरती घोकतात आणि प्रयोगशाळेत पहिला रिपोर्ट हातात आला की गोंधळतात. दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि ते योग्यच असतात. त्यातले काही प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहितो आहे.

सर, एकानंतर दोन, दोनानंतर तीन असं सरळ का नाही?

कारण हे आकडे कामाच्या क्रमाने दिलेलेच नाहीत. प्रत्येक आकडा म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक. पूर्वी एकाच घटकाला प्रत्येक प्रयोगशाळा आपापलं नाव द्यायची. तो घोळ मिटवायला 1950च्या दशकात आंतरराष्ट्रीय समितीने रोमन आकडे ठरवले. फायब्रिनोजेन सगळ्यांत आधीपासून माहीत होतं, म्हणून त्याला एक नंबर मिळाला, पण त्याचं काम जवळजवळ शेवटी येतं. तीन म्हणजे टिश्यू फॅक्टर आणि चार म्हणजे कॅल्शियम. या दोघांना कुणी आकड्याने हाक मारत नाही. सहा नंबर रिकामा आहे. ज्याला सहावा घटक म्हटलं होतं तो पाचव्याचंच सक्रिय रूप निघाला. त्यामुळे यादीत सहा सापडला नाही तर आपलं काही सुटलं असं समजू नका.

मग कोण कुठे बसतं हे कसं लक्षात ठेवायचं?

दहापासून सुरुवात करा. कागदाच्या मधोमध दहा लिहा. हा तिठा आहे. वरून दोन रस्ते येऊन इथे मिळतात आणि इथून एकच रस्ता खाली जातो.

बाहेरचा रस्ता छोटा आहे. रक्तवाहिनी फाटली की तिच्या बाहेरच्या पेशींवरचा टिश्यू फॅक्टर, म्हणजे तीन, रक्तातल्या सातला भेटतो. दोघं मिळून दहाला जागं करतात. तीन अधिक सात बरोबर दहा. ही बेरीज एकदा डोक्यात बसली की विसरत नाही.

आतला रस्ता लांब आहे. बारापासून उलटे मोजत या: बारा, अकरा, नऊ, आठ. मध्ये दहा गाळायचा, कारण तिथेच तर पोहोचायचं आहे.

तिठ्याखालच्या रस्त्यासाठी जुन्या नोटा आठवा. दहाची, पाचची, दोनची, एकची. दहा आणि पाच मिळून दोनला, म्हणजे प्रोथ्रोम्बिनला, थ्रोम्बिन बनवतात. थ्रोम्बिन एकला, म्हणजे फायब्रिनोजेनला, कापतं आणि फायब्रिनचे धागे तयार होतात. प्लेटलेटनी जखमेवर बुजवणी केलेली असतेच, हे धागे तिला जाळीसारखे घट्ट धरतात.

उलट्या मोजणीत आठ नवाच्या नंतर येतो, म्हणजे नऊ आठला जागं करतो का?

नाही. उलट्या मोजणीच्या युक्तीत धोका आहे तो इथेच, म्हणून हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. साखळीतले बहुतेक घटक कात्रीसारखे आहेत. एक सक्रिय झाला की पुढच्याला नेमक्या जागी कापतो आणि सक्रिय करतो. आठ आणि पाच मात्र स्वतः कुणाला कापत नाहीत. ते साथीदार आहेत. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर नऊ आणि दहा यांना त्यांच्या सावजासमोर नीट धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. साथीदार नसेल तर कात्री चालते, पण इतकी हळू की रक्तस्राव थांबवायला तिचा उपयोग होत नाही.

जोड्या अशा ठेवा: आठ हा नवाचा शेजारी, पाच हा दहाचा निम्मा. या दोन्ही साथीदारांना तयार करतं ते थ्रोम्बिन. म्हणजे खाली थोडंसं थ्रोम्बिन तयार झालं की ते वर जाऊन आणखी थ्रोम्बिनची सोय करतं.

आठ कमी असला तर हिमोफिलिया ए, नऊ कमी असला तर हिमोफिलिया बी. आठचं पहिलं अक्षर आ, म्हणून ए; पुढचा नऊ तो बी. दोन्हींत सांध्यांत सारखाच रक्तस्राव होतो, कारण दोघं एकाच जोडीतले आहेत. जोडीतला कुठलाही एक गेला तरी काम तिथेच अडतं.

व्हिटॅमिन के लागणारे घटक कोणते?

इथे आपल्याकडे जी युक्ती आहे ती दुसरीकडे कुठे इतकी चपखल बसणार नाही. 1972. बहात्तरचा दुष्काळ. घरातल्या मोठ्या माणसांकडून सुकडीच्या आणि दुष्काळी कामांवरच्या खडीच्या गोष्टी ऐकल्या नाहीत असं मराठी घर क्वचितच असेल. या सालाचे तुकडे पाडा: 10, 9, 7, 2. यातल्या एकाचा दहा करायचा, एवढंच. व्हिटॅमिन के चा दुष्काळ पडला की हेच चार घटक निकामी होतात.

हे चारच का? यकृत हे घटक तयार करतं तेव्हा शेवटी त्यांच्या एका टोकाला खास रासायनिक गट जोडतं आणि त्या जोडणीला व्हिटॅमिन के लागतं. या गटांमुळे ते कॅल्शियम पकडू शकतात आणि कॅल्शियमच्या आधाराने प्लेटलेटच्या पृष्ठभागाला चिकटतात. व्हिटॅमिन नसलं तरी घटक रक्तात येतात, पण चिकटत नाहीत. वॉरफॅरिन हे औषध मुद्दाम असाच दुष्काळ पाडतं.

दुष्काळात उथळ विहीर आधी आटते. चौघांत उथळ विहीर म्हणजे सात. त्याचं अर्धायुष्य जेमतेम चार ते सहा तासांचं, तर दोनचं अडीच दिवसांच्या आसपास. म्हणून वॉरफॅरिन सुरू केल्यावर आधी सात घटतो आणि पीटी, म्हणजे नळीत प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासणीचा आकडा, लवकर वाढतो. पण दोनची विहीर अजून भरलेली असते, त्यामुळे गुठळीपासून खरं संरक्षण मिळायला आणखी काही दिवस जातात. नुकतीच गुठळी झालेल्या रुग्णाला सुरुवातीचे निदान पाच दिवस हेपॅरिन हे लगेच काम करणारं गोठणविरोधी औषध सोबत देतात त्याचं हेच मोठं कारण आहे. पीटी वाढला म्हणजे औषध पूर्ण लागू झालं असं तेव्हा धरता येत नाही.

पीटी कुठल्या रस्त्याची आणि एपीटीटी कुठल्या?

छोटं नाव, छोटा रस्ता. पीटी बाहेरच्या रस्त्याची तपासणी, एपीटीटी आतल्या लांब रस्त्याची. तिठ्याखालचा रस्ता दोन्हींत येतो. म्हणून फक्त पीटी वाढला तर संशय सातवर. फक्त एपीटीटी वाढला तर बारा, अकरा, नऊ, आठ यांच्यापैकी कुणावर तरी. दोन्ही वाढले तर नोटांचा रस्ता पाहा, किंवा बहात्तरचा दुष्काळ.

समजा, वर्षभराचा मुलगा नुकताच चालायला लागला आहे. गुडघा टम्म सुजलाय, मार लागल्याचं कुणाला आठवत नाही. प्लेटलेट तीन लाख. पीटी 12.5 सेकंद, म्हणजे बरोबर. एपीटीटी 84 सेकंद. बहुतेक प्रयोगशाळांत तो साधारण 25 ते 35 असतो.

घाई करू नका, आधी नळी पाहा. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नळीत रक्त गोठत नाही, आणि तपासणीच्या वेळी आपण कॅल्शियम परत घालतो. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं आहे. लहान मुलाची शीर सापडत नाही म्हणून नळी अर्धीच भरली, तर सायट्रेट जास्त होतं, घातलेलं कॅल्शियमही तेच खाऊन टाकतं आणि आकडा खोटा वाढतो. हेपॅरिन गेलेल्या लाइनमधून रक्त घेतलं तरी तसंच होतं.

नळी खुणेपर्यंत भरलेली आहे, हेपॅरिनचा संबंध नाही. मग मुलाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा निम्मा मिसळून पुन्हा एपीटीटी करा. आता आला 33. म्हणजे निरोगी प्लाझ्माने कमतरता भरून काढली. मुलात एखादा घटक कमी आहे. आकडा लांबच राहिला असता तर घटकाच्या विरुद्ध काम करणारं काहीतरी रक्तात आहे असं म्हणावं लागलं असतं.

चार संशयित उरले. बारा कमी असून रक्तस्राव होत नाही, तो बाद. अकरा कमी असेल तर सांध्यांत आपोआप रक्त साठणं विरळ. राहिले नऊ आणि आठ. आता आईला एक प्रश्न विचारा: मुलाच्या मामाला असं काही होतं का? दोन्ही हिमोफिलियांचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आजार आईकडून मुलाकडे येतो. मामाला काही नसलं तरी आजार नाही असं म्हणता येत नाही; जवळपास एक तृतीयांश कुटुंबांत पूर्वी कुणालाच नसतो. आठची कमतरता नवाच्या कित्येक पट जास्त आढळते, म्हणून आधी आठ मोजा. निरोगी माणसात तो साधारण 50 ते 150 टक्के असतो. या मुलात एक टक्क्याहून कमी. तीव्र हिमोफिलिया ए. अंदाजावर थांबून चाललं नसतं, कारण आठ हवा असलेल्याला नऊ देऊन उपयोग नाही.

बारा पहिला असून त्याच्यावाचून रक्तस्राव कसा होत नाही?

कारण आपली आकृती परीक्षानळीतली आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराचं रक्त नळीत गोठायला फार वेळ घेत होतं, पण त्याला रक्तस्रावाचा त्रास कधीच नव्हता. डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी 1955 मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि बाराव्या घटकाला त्याचं नाव मिळालं. 1968 मध्ये पडून कंबरेचं हाड मोडल्यावर हेगमन दगावला तो फुप्फुसात गुठळी अडकून. गोठण्याच्या घटकाची कमतरता असलेला माणूस गुठळीने गेला, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. शरीरात सुरुवात तीन आणि सात करतात. ते दहाबरोबर नवालाही जागं करतात, आणि अकराला पुढे थ्रोम्बिन जागं करतं. बारा काचेवर किंवा अभिकर्मकाच्या कणांवर जागा होतो, म्हणून एपीटीटीत त्याला महत्त्व. रिपोर्ट वाचायला दोन रस्त्यांची आकृती वापरा, शरीरात नेमकं असंच घडतं असं मात्र मानू नका.

आणि तेरा?

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आठवून एका वर्षी कुणीतरी उत्तरपत्रिकेत तेराला व्हिटॅमिन के च्या यादीत टाकलं होतं. तो तिथला नाही. तेरा सगळ्यांच्या शेवटी येतो आणि फायब्रिनच्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालतो. पीटी आणि एपीटीटी पहिले धागे दिसताच थांबतात, टाक्यांपर्यंत जातच नाहीत. म्हणून तेरा नसताना दोन्ही रिपोर्ट अगदी बरोबर येतात.

बाळाची नाळ पडताना किंवा पडल्यावर तिथून रक्त येत राहतं, जखम आधी थांबते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहते, आणि सगळे आकडे मात्र ठीक असतात, तेव्हा तेरा आठवा. जुनी साधी तपासणी अशी: प्लाझ्माची गुठळी करायची आणि युरियाच्या तीव्र द्रावणात ठेवायची. टाके असतील तर चोवीस तासांनीही गुठळी जागेवर दिसते. टाके नसतील तर ती विरघळून जाते. मात्र तेरा पुरता नाहीसा असेल तेव्हाच ही तपासणी बोलते; थोडा जरी शिल्लक असला तरी गुठळी टिकते, आणि मग घटक थेट मोजावाच लागतो.