चॅटमधल्या इंग्रजीलाही ग्रामर असतं

"चॅटमध्ये इंग्रजीला ग्रामर लागत नाही, कसंही लिहिलं तरी चालतं," असं अनेकांना वाटतं. पण तसं नाही.

'आय'चंच बघा. ईमेलमध्ये 'आय विल सेंड इट टुमारो' लिहितात, चॅटमध्ये नुसतं 'विल सेंड इट टुमारो'. कर्ता गळला, पण वाक्याच्या अगदी तोंडाशी होता म्हणून. 'विल कॉल व्हेन आय गेट होम' यातला पहिला 'आय' गेला, दुसरा राहिला. तोही काढून 'व्हेन गेट होम' लिहिलंत तर इंग्रज माणूस अडखळेल, मग चॅट का असेना. प्रश्नात कर्त्याऐवजी सुरुवातीचं सहायक क्रियापद गळतं, पण तिथेही नियम आहेच: 'आर यू कमिंग?'चं 'यू कमिंग?' चालतं, पण 'ॲम आय लेट?'चं 'आय लेट?' कुणी करत नाही. ही काटछाट मोबाइलने आणलेली नाही. इंग्रज लोक डायरीत कर्ता कधीपासून गाळत आले आहेत.

ईमेलचा थाटही नुसत्या जड शब्दांनी येत नाही. 'कॅन यू चेक धिस?' ऐवजी 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड चेक धिस' लिहितात. विनंती आत्ताचीच, क्रियापद मात्र भूतकाळात; त्या अंतरामुळे समोरच्याला नाही म्हणायला वाव मिळतो. (आपल्या लाडक्या 'काइंडली'पेक्षा हे कितीतरी मऊ, 'काइंडली' तिकडे अनेकांना हुकूमच वाटतो.)