दिव्यांगत्व प्रमाणपत्र

दिव्यांगत्व प्रमाणपत्र म्हणजे एखाद्या व्यक्तीचे दिव्यांगत्व कोणत्या प्रकारचे आहे आणि ते किती टक्के आहे, हे सांगणारा सरकारी वैद्यकीय दाखला. भारतात तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मिळतो. या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. शासकीय नोकरीतील आणि उच्च शिक्षणातील आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. त्यापेक्षा कमी टक्के असले तरी दाखला मिळू शकतो, पण या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. कमी टक्केवारीचा दाखला आणि नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचा मार्गही चुकतो.

अर्ज swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर भरावा लागतो. आधार क्रमांक, छायाचित्र, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि दिव्यांगत्वाचा प्रकार एवढी माहिती भरली की नोंदणी क्रमांक मिळतो. त्याची पावती जपून ठेवावी, कारण पुढचा सगळा पाठपुरावा याच क्रमांकावर होतो. तपासणीसाठी सहसा राहत्या जिल्ह्यातले रुग्णालय निवडायचे असते. आधारवर जुन्या गावाचा पत्ता राहिला असेल तर तो आधी बदलून घेतलेला बरा. एकापेक्षा जास्त प्रकारचे दिव्यांगत्व असेल तर प्रत्येक प्रकार अर्जातच नोंदवावा. या एका नोंदीवर पुढे बरेच काही अवलंबून असते.

तपासणीला मूळ आधार कार्ड, अर्जाची पावती, छायाचित्रे आणि उपचारांची कागदपत्रे न्यावीत. उपचारांच्या कागदांत सर्वांत उपयोगी पडतो तो रुग्णालयातून सुट्टी मिळाल्याचा कागद. दुखणे केव्हा सुरू झाले, कोणती शस्त्रक्रिया झाली आणि उपचार संपले का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाला त्यावरूनच कळते. हाडांच्या त्रासासाठी एक्स-रे, श्रवणदोषासाठी ऑडिओमेट्री ही ऐकण्याची चाचणी, लहान मुलांच्या श्रवणदोषासाठी बेरा ही चाचणी, बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यंक चाचणी, तर सिकलसेल किंवा थॅलेसेमियासाठी रक्ताचा एचपीएलसी अहवाल लागतो. दृष्टीची तपासणी चष्मा लावून आणि दोन्ही डोळे मिळून होते. खासगी डॉक्टरांचा अहवाल पुरावा म्हणून जोडता येतो, पण टक्केवारी मंडळच ठरवते.

टक्केवारी आजाराच्या नावावर ठरत नाही. उपचारांनंतर जे नुकसान कायम उरते, ते मोजले जाते. म्हणून पक्षाघातानंतर दोन महिन्यांत गेलेल्या रुग्णाला बहुधा थांबायला सांगतात, कारण मज्जासंस्थेच्या दोषाचे मूल्यमापन सुरुवातीपासून सहा महिन्यांनी करायचे असते. बदल होण्याची शक्यता असेल तेव्हा दाखला ठरावीक मुदतीचा मिळतो. त्यात अन्याय काही नाही, पण मुदत संपण्याआधी फेरतपासणी करून घ्यावी लागते.

खरा घोटाळा एकापेक्षा जास्त दिव्यांगत्वांच्या बाबतीत होतो. समजा, एका व्यक्तीचा एक डोळा पूर्ण निकामी आहे आणि दुसऱ्याने नीट दिसते. हे ३० टक्के धरतात. त्याच व्यक्तीच्या पायातही ३० टक्के दोष आहे. अर्जात फक्त डोळा नोंदवला तर दाखला ३० टक्क्यांचाच निघतो. दोन्ही नोंदवले तरी ३० अधिक ३० अशी सरळ बेरीज होत नाही. त्यासाठी हे सूत्र आहे:

```
a + b(90 − a)/90
```

यात a ही मोठी आणि b ही लहान टक्केवारी. इथे दोन्ही ३० असल्याने ३० + ३० × ६० ÷ ९०, म्हणजे ५० टक्के. पायाची नोंद राहून गेल्यामुळे ही व्यक्ती ४० टक्क्यांच्या अलीकडेच अडकते.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळालेच पाहिजे. ‘तुमचे होत नाही’ असे तोंडी ऐकून परत फिरू नये. निर्णयाची मुदत पूर्वी एक महिना होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. नकारपत्राच्या विहित नमुन्यात फेरविचारासाठी कोणाकडे जायचे, याचीही जागा असते. ती कोरी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात लेखी विचारावे आणि पोच घ्यावी.

पुढे काय करायचे ते कारणावर ठरते. अहवाल अपुरा असेल तर तो पुरा करून पुन्हा तपासणी मागणे जवळचे. मोजमाप चुकले असेल किंवा एखादे दिव्यांगत्व तपासलेच नसेल, तर कायद्याच्या कलम ५९ नुसार राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. अपिलाची मुदत राज्य शासन ठरवते, म्हणून पत्र हाती येताच शेवटची तारीख विचारून घ्यावी. अपिलात नकारपत्र, अर्जाची पावती आणि सगळे अहवाल जोडावेत आणि नेमके कोणते मोजमाप अमान्य आहे ते लिहावे. ‘मला खूप त्रास होतो’ या वाक्याने टक्केवारी बदलत नाही. ‘पायाच्या दोषाची तपासणी झाली नाही, अस्थिरोगतज्ज्ञाचा अहवाल जोडला आहे’ एवढे लिहिले तर मंडळाला नेमके काय पुन्हा तपासायचे ते कळते.