शब्दाविना आलेला एक फोटो

मे महिन्यातल्या एका दुपारी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावाहून भाच्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. झाकण काढलेला भिंतीवरचा स्विचबोर्ड, त्यातून बाहेर आलेला तारांचा गुंता आणि सोबत एकही शब्द नाही. सगळ्या तारा लाल होत्या, म्हणजे बोर्ड जोडणाऱ्याने एकच बंडल आणून सर्वत्र वापरले होते आणि रंगावरून फेज कोणती, न्यूट्रल कोणती हे सांगण्याची सोयच उरली नव्हती. मी त्याला लगेच फोन केला आणि पहिला प्रश्न केला, की बोर्डाजवळ कोणी उभे आहे का, आणि कोणाला झटका बसला आहे का.

"मामा, कूलरले हात लावला की मुंग्या येतात," तो म्हणाला.

या एका वाक्याने फोटोचा अर्थ बदलला. कूलरची टाकी लोखंडी, आतला पंप पाण्यात, भोवतालची फरशी ओली. पंपाच्या तारेचे आवरण झिजून फेज टाकीला टेकली, तर पत्र्यावर 230 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. तीन पिनांच्या सॉकेटमधले वरचे जाड छिद्र अर्थिंगचे असते. त्यामागची तार जमिनीतल्या चांगल्या अर्थिंगपर्यंत पोहोचत असेल, तर गळणारा बहुतेक प्रवाह त्या वाटेने जातो. ती तार तुटलेली असेल, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूसच वाट बनतो. त्याच्या शरीराचा रोध सुमारे 1500 ओहम धरला, तर 230 भागिले 1500, म्हणजे साधारण 150 मिलिअँपिअर प्रवाह त्याच्यातून जाईल, आणि तो हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो. मात्र जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या 16 अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह जाणवतही नाही, कारण तो तिच्या क्षमतेच्या शंभराव्या भागाच्या आसपास आहे. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असते. माणसासाठी गळणारा प्रवाह ओळखून 30 मिलिअँपिअरवर पडणारी आरसीसीबी लागते, आणि ती त्या घरात नव्हती.

दुसरा प्रश्न इन्व्हर्टरचा होता. भारनियमनामुळे खेड्यातही तो आता अनेक घरांत असतो, आणि मीटरजवळचा मेन पाडल्यावर काही तारांत त्याची वीज चालूच राहते. न्यूट्रलवर बटण बसवले असेल, तर बटण बंद करूनही सॉकेटमध्ये फेज राहते. टेस्टरचा दिवा लागला नाही, एवढ्यावरही विसंबता येत नाही, कारण कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून तपासले तर तो लागेलच असे नाही.

म्हणून कूलरला आणि बोर्डाला हात न लावता, चपला घालून, कोरड्या हाताने आधी मेन आणि मग इन्व्हर्टर बंद करायला सांगितले. वायरमन संध्याकाळी आला. कूलरच्या सॉकेटमागची अर्थिंगची तार बोर्डातच तुटून लोंबत होती. फोटोत ती त्याच लाल गुंत्यात होती आणि मला ती ओळखता आली नव्हती.