तारेच्या सूत्रात व्यास आला कुठून?

मिरजेत तंबोऱ्याची तार घ्यायला गेलं की दुकानदार व्यास विचारत नाही, नंबर विचारतो. दीडशे वर्षांहून जास्त काळ तंतुवाद्यं घडवणाऱ्या या गावात पोलादी तार चांगली मिळते, म्हणून यंगच्या गुणांकाच्या प्रयोगासाठी मी ती तिथूनच आणतो. हार्डवेअरच्या दुकानातली बांधकामाची तार या प्रयोगाला चालत नाही. ती भट्टीत तापवून मऊ केलेली असते, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या तारेला दोन-तीन किलो लावले की ती ताणते आणि वजन काढल्यावरही पूर्ण मागे येत नाही. तंबोऱ्याची तार मागे येते. मागे येते म्हणूनच सूर टिकतो, आणि म्हणूनच आपला प्रयोगही होतो.

गेल्या वर्षी सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत एका गटाचं उत्तर १८१ गिगापास्कल आलं. पोलादाचं २००च्या आसपास यायला हवं. मुलांनी पहिला संशय घेतला तो लांबीवर. तार दोन मीटर लांब, तिच्या शेजारी पट्टी धरायची, नजर वर-खाली होते, त्यामुळे चूक तिथेच असणार असं त्यांना वाटलं. त्यांनी लांबी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा दोन मिलिमीटरच्या आत तीच आली. एक मुलगी मला म्हणाली, "सर, लांबी तर बरोबर आहे, मग दहा टक्के गेले कुठे?"

हा प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं, कारण या प्रयोगातली लांबी, वाढ आणि व्यास ही तीन मापं एकाच माणसाने एकाच वेळी आणलेली नाहीत.

रॉबर्ट हुकने १६७६ साली आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये तो उलगडून सांगितला: जसा ताण, तशी शक्ती. तारेवरचा त्याचा प्रयोग फार साधा होता. वीस, तीस, चाळीस फूट लांब तार वर खिळ्याला बांधायची, खाली पारडं टांगायचं आणि वजन वाढवत जाऊन पारड्याच्या तळापासून जमिनीपर्यंतचं अंतर कंपासाने घ्यायचं. सूक्ष्ममापी नाही, भिंग नाही. वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून त्याने तारच लांब घेतली. चाळीस फुटी तारेची वाढ आपल्या दोन मीटरच्या तारेच्या सहापट असते. व्यासाची त्याला गरजच नव्हती, कारण दुप्पट वजनाला दुप्पट वाढ होते का एवढंच त्याला पाहायचं होतं. ते पाहायला एकच तार पुरते, मग ती जाड असो की बारीक.

थॉमस यंगने १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत गुणांक मांडला, पण आज आपण शिकवतो त्या रूपात नाही. त्याचा गुणांक म्हणजे त्याच पदार्थाचा एक कल्पित खांब होता. तारेच्या भाषेत तो असा सांगता येईल. तार दुप्पट लांब व्हायला किती वजन लागेल ते प्रमाणाने काढा (प्रत्यक्षात ती त्याआधीच तुटेल, पण हिशेबापुरतं चालतं). मग तेवढं वजन भरायला तीच तार किती लांब घ्यावी लागेल ते पाहा. ती लांबी म्हणजे गुणांकाची उंची. यात व्यास कुठेच येत नाही. जाड तारेला ताणायला जास्त वजन लागतं, पण ती स्वतःही त्याच प्रमाणात जड असते, त्यामुळे जाडी दोन्ही बाजूंनी कटून जाते.

व्यास आला तो पुढच्या वीस वर्षांत. १८२२ मध्ये कोशीने प्रतिबलाची, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरच्या बलाची कल्पना नेमकी केली. १८२६ मध्ये नाव्हिएने गुणांक आजच्या रूपात लिहिला: बल भागिले क्षेत्रफळ, भागिले लांबीतली सापेक्ष वाढ. पुलाची तुळई बसवणाऱ्या इंजिनिअरला हेच रूप सोयीचं होतं, कारण त्याला तुळईच्या छेदाचं माप माहीत असतं. आपण सूत्राला नाव यंगचं देतो, पण त्यातलं क्षेत्रफळ नाव्हिएचं आहे, आणि प्रयोगवहीतली सर्वांत मोठी त्रुटी त्या क्षेत्रफळातूनच येते. सूत्र असं:

```
E = 4MgL / (πd²l)
```

L ही तारेची मूळ लांबी, l ही वाढ आणि d हा व्यास. लांबी एकदाच येते. दोन हजार मिलिमीटरमध्ये दोनची चूक झाली तरी उत्तरात ०.१ टक्क्याचा फरक पडतो. अगदी एक सेंटिमीटर चुकला, तरी अर्धा टक्का. व्यासाचा मात्र वर्ग आहे, त्यामुळे त्याची टक्केवारी उत्तरात दुप्पट होऊन उतरते. आमची तार ०.३६ मिलिमीटरची होती आणि स्क्रू गेजचं लघुत्तम माप ०.०१. एका घराची चूक म्हणजे २.८ टक्के, आणि उत्तरात साडेपाच. दोन मीटरच्या पट्टीवर जी चूक काहीच नाही, ती केसासारख्या तारेवर सगळा प्रयोग बिघडवते.

वाढीचं काय? तिथे सर्लने मोठं काम केलं. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जी. एफ. सी. सर्ल यांनी अनेक दशकं विद्यार्थ्यांचे प्रयोग घेतले. आपल्या शाळा-कॉलेजांत त्यांच्या नावाचं जे उपकरण दिसतं त्यात एकाच आढ्याला दोन सारख्या तारा टांगलेल्या असतात. एकीवर कायमचं वजन, दुसरीवर बदलतं. दोन्हींच्या खालच्या चौकटींवर स्पिरिट लेव्हल आडवी ठेवलेली असते. वजन वाढलं की बुडबुडा सरकतो, तो सूक्ष्ममापी स्क्रूने पुन्हा मधोमध आणायचा आणि स्क्रू किती फिरवला ते वाचायचं.

दुसरी तार कशासाठी, हे मार्चमध्ये सांगलीत पंखा चालू-बंद करून पाहिलं की कळतं. दोन मीटर पोलादी तार एक अंश तापली तर सुमारे ०.०२४ मिलिमीटर वाढते. आमच्या तारेला अर्धा किलो लावल्यावर होणारी वाढ ०.४८ मिलिमीटर होती, म्हणजे एका अंशाने त्याचा विसावा हिस्सा खाल्ला. शिवाय वजन टाकलं की आढ्याची तुळई किंचित वाकते आणि तिचं वाकणं तारेची वाढ म्हणून मोजलं जातं. हुकच्या प्रयोगात हे दोन्ही आकड्यात मिसळून जाणारच होतं. दोन तारांत दोन्ही गोष्टी सारख्याच घडतात आणि बुडबुड्याला फक्त फरक दिसतो. त्यामुळे लांबीच्या बाजूची सगळी भीती सर्लने संपवली. व्यासाची मात्र तशीच राहिली, कारण तो मोजायला दुसरंच साधन लागतं: पामेरने १८४८ मध्ये पेटंट घेतलेला हातात मावणारा स्क्रू. फ्रान्समध्ये स्क्रू गेजला आजही पामेरच म्हणतात.

आता आमच्या गटाकडे. तार सरळ व्हावी म्हणून त्यांनी आधी एक किलो टांगला होता आणि लांबी त्यानंतर, वरच्या पकडीपासून खालच्या पकडीपर्यंत, घेतली होती. हे बरोबर होतं. एक ते तीन किलो, म्हणजे दोन किलोंच्या फरकाला, वाढ १.९१ मिलिमीटर. उतरवतानाची वाचनं चढवतानाच्या वाचनांशी ०.०१च्या आत जुळत होती, तेव्हा तार पकडीतून घसरलेली नव्हती. घसरली असती तर उतरताना आकडा खाली यायचा राहिला असता, आणि ते वहीत लगेच दिसतं. व्यास सहा जागी, प्रत्येक जागी काटकोनात दोनदा घेतलेला होता, सरासरी ०.३८.

मी त्यांना यंगच्या वाटेने जायला सांगितलं. त्याच गुंडाळीची पाच मीटर तार मोजून कापली आणि ०.०१ ग्रॅमपर्यंतच्या काट्यावर ठेवली. ४.०० ग्रॅम भरली, म्हणजे मीटरला ०.८० ग्रॅम. दोन किलोंना १.९१ मिलिमीटर वाढ, तर दोन मीटर वाढायला सुमारे २,०९४ किलो. तेवढं वजन भरायला ही तार २,६१८ किलोमीटर लागेल. काश्मीर ते कन्याकुमारी या अंतरापेक्षा थोडी कमी! ही लांबी गुणिले पोलादाची घनता ७,८५०, गुणिले g, जो सांगलीत पुस्तकातल्या ९.८ पेक्षा किंचित कमी, ९.७८ आहे. उत्तर आलं २०१ गिगापास्कल.

मग वजनावरून उलट व्यास काढला: ०.३६०. आणि स्क्रू गेज उजेडात नेला. जबडे रॅचेटने मिटले, ती टक्-टक् झाली, तेव्हा फिरत्या पट्टीचं शून्य रेषेवर थांबलं नाही. रेषेवर होती दोनची खूण. जबडे पूर्ण मिटलेले असतानाही गेज ०.०२ दाखवत होता. बाराच्या बारा वाचनांत ही धन शून्यत्रुटी बसलेली होती, त्यामुळे वाचनं एकमेकांशी उत्तम जुळत होती आणि कुणालाच शंका आली नाही. सरासरी घेतल्याने अशी चूक कमी होत नाही. ०.३८ मधून ०.०२ वजा केले की ०.३६, आणि १८१ चे २०१ झाले. त्या मुलीचे दहा टक्के तिथे होते.

तार तोलण्याची ही रीत सगळीकडे चालेल असं नाही. एक तर प्रयोगातलीच गुंडाळी शिल्लक हवी. दुसरं म्हणजे, यंगची उंची घनतेविना निघते, पण गिगापास्कलमध्ये जायला घनता लागतेच. साध्या पोलादाची ती अर्ध्या टक्क्याच्या आत माहीत असते, पण मिश्रधातू कोणता ते ठाऊक नसेल तर ती खात्री राहत नाही. मोटर वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेवर लाखेचा थर असतो. तो वजनातही भर घालतो आणि स्क्रू गेजखाली व्यासातही. तो आधी खरवडून किंवा जाळून काढावा लागतो, आणि जाळलं तर तांबं मऊ पडतं, ताण दिल्यावर मागे येत नाही. अशा तारेसाठी मी अजून स्क्रू गेजच वापरतो, पण प्रत्येक गटाकडून जबडे मिटवलेल्या गेजचं वाचन वहीच्या पहिल्या ओळीत लिहून घेतो, ते शून्य असलं तरी.